उजव्या बाजूला ओटीपोटात कळ : अपेंडिक्स, ओव्हरी की आणखी काही?

सुरंगी | मंगळवार, रात्री ९:१०

धाकट्या बहिणीबद्दल विचारतेय. वय २२, लग्न व्हायचंय. आम्ही मालवणच्या बाजूचे. आत्ता कुडाळात एका लहान खाजगी दवाखान्यात तिच्या उशाशी बसून लिहितेय, सांभाळून घ्या.

आज दुपारी विहिरीवर कळशी उचलताना उजव्या बाजूला, कमरेच्या हाडाच्या आतल्या अंगाला तिला एकदम कळ आली. कळ आणि उलटी जवळजवळ एकदमच. अर्ध्या-पाऊण तासात एवढं उतरलं की ती पेज जेवली. संध्याकाळी पुन्हा तीच कळ, पुन्हा उलटी. ताप नाही. पाळी येऊन १९ दिवस झालेत. गेल्या आठवड्यातही असंच थोडा वेळ दुखलं होतं म्हणे, पण परीक्षा होती म्हणून बाईसाहेब बोलल्या नाहीत.

रिपोर्ट असे: पांढऱ्या पेशी १२,४००. लघवीत विशेष काही नाही. सोनोग्राफीत अपेंडिक्स दिसलं नाही, उजव्या ओव्हरीत ६.८ सेंटीमीटरची सिस्ट, डॉपलरवर रक्तप्रवाह आहे, ओटीपोटात थोडं पाणी.

सर्जन म्हणतात, अपेंडिक्स असू शकतं, सकाळपर्यंत सलाईनवर ठेवून बघू. स्त्रीरोगतज्ज्ञ उद्या दहाला येतात. अपेंडिक्स की ओव्हरी हे डॉक्टर ओळखतात कसं? आम्ही काय विचारायला हवं? आणि त्यांनी प्रेग्नन्सी टेस्टही लिहून दिलीय, त्यावरून आई भडकलीय. ती खरंच लागते का?

रापण | रात्री ९:१८

माझ्या भाचयेक असाच झालेला. घरात सगळे सांगत होते वात असा, बेंबयेत हिंग घाल, एरंडेल दी. हिंगान बरा झाला असता तर डॉक्टर कित्याक शिकले असते? तुम्ही दवाखान्यात आसात ता बरा केल्यात. एरंडेल मात्र कोणाक दिवक देव नकात.

जुना_कंपाउंडर | रात्री ९:३१

तीस वर्षं सर्जनच्या हाताखाली काढली आहेत, म्हणून सांगतो. उजवी बाजू, उलटी आणि वाढलेल्या पेशी म्हणजे अपेंडिक्स. बेंबी आणि कमरेच्या हाडाचं टोक यांना जोडणारी रेघ मनात धरा. हाडाकडून एक तृतीयांश अंतरावर बोट दाबून झटकन उचललं आणि सोडताना जास्त दुखलं, की समजायचं. खोकायला सांगा, खोकताना तिथेच हात जातो.

आणि एक, दुखणं थांबवायचं इंजेक्शन अजिबात देऊ देऊ नका. लक्षणं झाकली जातात आणि मग कुणालाच काही कळत नाही.

हापूसचोर | रात्री ९:४०

मला उजव्या बाजूला असंच झालं होतं, लादीवर गडाबडा लोळलो होतो. निघाला मुतखडा! कुळथाचं कढण प्या, भरपूर पाणी प्या.

सुरंगी | रात्री ९:४३

@हापूसचोर, तिला तोंडावाटे काही द्यायचं नाही असं सांगितलंय. कदाचित भूल द्यावी लागेल म्हणून पाणीसुद्धा नाही.

हापूसचोर | रात्री ९:४४

मग कढण मी पितो. काळजी घ्या.

सिस्टर_रत्नागिरी | रात्री ९:५२

सुरंगीताई, आईंना समजवायचं काम माझ्याकडे द्या. पाळी सुरू झाल्यापासून ती बंद होईपर्यंतच्या वयातली कुठलीही बाई पोट धरून आली की लघवीची ही पट्टी आम्ही करतोच. कॉलेजातली असो, सवाष्ण असो, विधवा असो. संशय घ्यायचा म्हणून नव्हे. गर्भ नळीत राहिला असेल आणि नळी फुटली तर तासा-दोन तासात पोटभर रक्त साचतं, आणि ते पाच मिनिटांच्या पट्टीने लक्षात येऊ शकतं. एवढी स्वस्त तपासणी सोडून द्यायची कशाला?

आमच्याकडे एक ३४ वर्षांची बाई आली होती. दोन मुलं, कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं. नवरा सांगत होता, "सिस्टर, ऑपरेशन झालंय, तो प्रश्नच नाही." पाळीही "येऊन गेली" होती. खोदून विचारल्यावर कळलं की ती पाळी नव्हती, उशिराने थोडे डाग लागले होते, काळपट. उजवीकडे दुखत होतं, आडवी झाली की खांदाही दुखायचा. पट्टीवर दोन रेघा आल्या. नळ्या बांधल्यावर दिवस सहसा राहत नाहीत, पण राहिलेच तर नळीत राहण्याची शक्यता जास्त असते. खांदा दुखतो तो पोटातलं रक्त वर छाती-पोटामधल्या पडद्याला टेकतं म्हणून.

आणखी एक, बहिणीला एकटीला विचारू द्या. आईंना दहा मिनिटं चहाला पाठवा. बावीस वर्षांची मुलगी आहे, तिच्या तपासणीची परवानगी तीच देते आणि तिचं उत्तर तिचंच असतं.

सुरंगी | रात्री १०:०५

आई चहाला गेली. टेस्ट केली, निगेटिव्ह. खांदा वगैरे दुखत नाही. मघापेक्षा जरा शांत पडलीय.

दर्यावर्दी | रात्री १०:११

मग सिस्टच्या वजनाने ओव्हरी फिरून पीळ पडलाय का, हे एवढंच बघायचं राहतं. पण डॉपलरवर रक्तप्रवाह दिसतोय ना? म्हणजे पीळ नाही. पीळ पडला की रक्त बंद होतं, साधं लॉजिक आहे. सकाळपर्यंत थांबायला हरकत नाही.

करवंद | रात्री १०:३४

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, बरीच वर्षं कोकणातच प्रॅक्टिस केली. इथे बसून निदान करणार नाही, पण सुरंगी, हे वाचून झाल्यावर उठा आणि सर्जनना भेटा.

दर्यावर्दींचं म्हणणं सरळ वाटतं, पण नेमकं तिथेच फसायला होतं. ओव्हरीला रक्त दोन बाजूंनी येतं, एक वरून तिच्या स्वतःच्या धमनीतून आणि दुसरं गर्भाशयाच्या बाजूने. पीळ पडला की आधी दबतात शिरा, कारण त्यांच्या भिंती पातळ असतात. रक्त आत येत राहतं पण बाहेर जात नाही, आणि ओव्हरी सुजत जाते. त्या वेळी डॉपलर लावलं तर धमनीतलं रक्त छान दिसतं. शिवाय पीळ अर्धवट असतो, सुटतो, पुन्हा बसतो. सुटलेल्या वेळी सोनोग्राफी झाली तर सगळं ठीकच दिसणार. प्रवाह दिसला नाही तर पीळ जवळजवळ नक्की म्हणा, पण प्रवाह दिसला म्हणून पीळ नाही असं म्हणता येत नाही.

आता दुखण्याची चाल बघा. अपेंडिक्स बहुतेक वेळा हळू चढतं. आधी बेंबीभोवती मोघम दुखतं, जेवणावरची वासना जाते, मग मळमळ, आणि बारा-चोवीस तासांत दुखणं उजवीकडे खाली उतरून तिथेच ठाण मांडतं. त्यानंतर बारीक ताप. मधे पेज जेवण्याइतकं बरं वाटत नाही. सुरंगींची बहीण कळशी उचलताना एका क्षणात कळवळली, उलटी कळेबरोबरच आली, मग उतरलं, मग पुन्हा आलं, आणि गेल्या आठवड्यातही येऊन गेलं होतं. जड झालेली कैरी देठावर फिरावी तशी ही चाल आहे. पाच सेंटीमीटरच्या वरची सिस्ट असली की ही भीती वाढते, इथे तर ६.८ आहे. पीळ उजवीकडे जास्त पडतो, कारण डावीकडे मोठ्या आतड्याने जागा अडवलेली असते.

पांढऱ्या पेशी १२,४०० यावर फार विसंबू नका. पिळातही वाढतात, नुसत्या उलट्यांनीही वाढतात.

सर्जननी सकाळपर्यंत बघू म्हटलं ते अपेंडिक्सच्या हिशोबाने चुकीचं नाही. संशयित अपेंडिक्समध्ये दर काही तासांनी पुन्हा हात लावून बघणं ही जुनी आणि चांगली पद्धत आहे, चित्र त्यानेच स्पष्ट होतं. पण पिळात नेमका तो वेळच आपल्याकडे नसतो. ओव्हरी किती तास तग धरेल हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. म्हणून विचारायचं ते एवढंच: "ओव्हरीचा पीळ नाही असं तुम्ही कशावरून म्हणताय? आणि नक्की नसेल तर आज रात्री पोटात दुर्बीण घालून कुठे बघता येईल?"

कंपाउंडरसाहेब, वेदनाशामक देऊ नका हे आपण सगळे तसंच शिकलो. नंतर अभ्यास झाले, आणि इंजेक्शन दिल्याने निदान चुकण्याचं प्रमाण वाढत नाही असं दिसलं. उलट पोट सैल पडल्यावर तपासणी नीट होते. मुलीला कळवळत ठेवू नका.

जुना_कंपाउंडर | रात्री १०:४१

आमचे साहेब कधी देऊ द्यायचे नाहीत. पण तुम्ही डॉक्टर आहात, तुमचं खरं. बोटाची खूण मात्र मी सोडणार नाही.

करवंद | रात्री १०:४५

सोडू नका, चांगली आहे. फक्त सुजलेली ओव्हरीही त्याच आसपास दुखते.

मेतकूट | रात्री १०:४८

मला पीसीओडी आहे, दोन्ही ओव्हऱ्यांत भरपूर सिस्ट लिहिल्यात रिपोर्टमध्ये. हे वाचून आता झोप यायची नाही. माझाही पीळ पडेल का?

करवंद | रात्री १०:५२

पीसीओडीमधल्या त्या खऱ्या अर्थाने सिस्ट नसतात, वाटाण्याहूनही लहान फॉलिकल्स असतात. त्यांच्या वजनाने ओव्हरी अशी फिरत नाही. झोपा.

सुरंगी | रात्री ११:२०

सर्जनना भेटले. चिडले नाहीत, उलट म्हणाले की माझ्याही मनात आहे, पण इथे रात्री दुर्बिणीची सोय नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमना फोन लावला, त्या घरून आल्या. पोट तपासून म्हणाल्या की गोलसर काहीतरी हाताला लागतंय आणि हात लावला की तिथेच ती कळवळते. इंजेक्शन दिलंय. रेडिओलॉजिस्ट आज येण्याचा वार होता म्हणून सोनोग्राफी तरी झाली. सीटी करायचा की थेट गोव्यात बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलला न्यायचं, असं चाललंय. पाऊस मरणाचा आहे.

दर्यावर्दी | रात्री ११:२६

सीटी करूनच जा. सीटीत अपेंडिक्स स्वच्छ दिसतं, अंधारात तीर मारायला नको. रेडिएशनचा बाऊ लोक उगाच करतात.

आंबोलीधुकं | रात्री ११:३१

सगळे ओव्हरीच्या मागे लागलेत म्हणून उलटी गोष्ट सांगते. माझ्या जावेला चार सेंटीमीटरची सिस्ट दिसली आणि सगळ्यांनी दुखण्याचं बिल तिच्या नावावर फाडलं. "पाळीच्या आधी होतं असं", गोळ्या देऊन घरी. तिला जुलाब होत होते आणि लघवीला सारखं जावं लागत होतं, म्हणून पुढे पोटाचं इन्फेक्शन ठरलं. शेवटी ताप चढला, पोट फळीसारखं कडक झालं, आणि उघडल्यावर कळलं की अपेंडिक्स फुटलंय. ते खाली ओटीपोटात लोंबत होतं, मूत्राशयाला आणि मोठ्या आतड्याच्या टोकाला टेकून, म्हणून ती सगळी सोंगं. सिस्ट बिचारी बाजूला नुसती बसली होती. रिपोर्टमध्ये सिस्ट दिसली म्हणून तीच गुन्हेगार, असं धरून चालू नका.

करवंद | रात्री ११:४४

आंबोलीताईंची गोष्ट छापून भिंतीवर लावावी अशी आहे. तरुण बायकांत दर महिन्याला ओव्हरीत काही ना काही दिसतंच. तीन-चार सेंटीमीटरची साधी सिस्ट पुष्कळदा नुसती प्रेक्षक असते. आणि "अपेंडिक्स दिसले नाही" याचा अर्थ ते चांगलं आहे असा होत नाही. आतड्यातला वायू, जाड पोट किंवा मागे दडलेलं अपेंडिक्स, अशी कारणं असतात. यंत्राने हळूहळू दाबत गेल्यावर सहा मिलिमीटरहून जाड आणि न दबणारी नळी दिसली तर ते सुजलंय असं म्हणतात. दिसलंच नाही तर प्रश्न उघडाच राहतो.

सीटीवर माझं आणि दर्यावर्दींचं जमणार नाही. अपेंडिक्ससाठी तो उत्तम आहे, मान्य. संशय मुख्यतः अपेंडिक्सचा आणि सोनोग्राफी अर्धवट असेल तर मीही करायला सांगेन. पण इथे पिळाचा संशय वर आहे आणि त्यात सीटी नॉर्मल वाटला तरी मला दुर्बीण घालूनच बघावं लागेल. मग त्यात तास घालवायचे कशाला? दुर्बिणीतून अपेंडिक्सही दिसतं, ओव्हरीही आणि नळ्याही.

दर्यावर्दी | रात्री ११:४९

दुर्बिणीत काहीच सापडलं नाही तर? भूल, टाके, खर्च, सगळं फुकट. सीटी आधी, या माझ्या मतावर मी ठाम आहे.

सिस्टर_रत्नागिरी | रात्री ११:५५

निघालात तर सोनोग्राफीची फिल्म बरोबर घ्या, नुसता कागद नको. शेवटचं काय आणि किती वाजता खाल्लं, कोणतं इंजेक्शन किती वाजता दिलं, हे चिठ्ठीवर लिहून घ्या. १०८ मिळत असेल तर खाजगी गाडीने जाऊ नका, वाटेत उलटी झाली तर कुणीतरी जाणतं माणूस बरोबर हवं.

रापण | बुधवार, सकाळी ७:१०

काय झाला गे बाय? रातभर मोबाईल बघतंय.

सुरंगी | बुधवार, दुपारी १:३०

माफ करा, बॅटरी संपली होती. सीटी न करता रात्रीच निघालो. तिकडच्या डॉक्टरांनी पुन्हा सोनोग्राफी केली. लग्न झालेलं नाही म्हणून योनिमार्गातून केली नाही, मूत्राशय भरून पोटावरूनच केली. ओव्हरी सुजून मधे, गर्भाशयाच्या वर सरकली होती आणि देठापाशी रक्तवाहिन्यांचा भोवरा दिसला म्हणे. पहाटे दुर्बीण घातली. उजवी ओव्हरी नळीसकट अडीच वेळा फिरलेली होती, रंग जांभळा-काळा. मला वाटलं काढून टाकतील. त्यांनी पीळ सोडवला, थोडा वेळ बघितलं, सिस्ट सोलून काढली आणि ओव्हरी ठेवली. सिस्टमध्ये केस आणि चरबी होती! आईला ते सांगितल्यापासून ती कुणाची दृष्ट लागली ते शोधतेय.

अपेंडिक्स चांगलं होतं, त्याला हात लावला नाही.

मेतकूट | दुपारी १:४२

हुश्श. पण काळी पडलेली ओव्हरी ठेवतात? सडणार नाही का?

करवंद | दुपारी २:१५

पूर्वी काळी दिसली की काढायचे. पीळ सोडवला तर रक्ताची गाठ सुटून फुप्फुसात जाईल अशीही भीती घालत. ती भीती खरी ठरली नाही. नुसत्या रंगावरून ती मेली असं ठरवता येत नाही. साचलेल्या रक्तानेही ती काळी दिसते, आणि टेबलावर काळी दिसलेली पुष्कळदा पुढे पुन्हा अंडी तयार करते. तरुण मुलीत ठेवायचीच. क्वचित नंतर त्रास झाला तर ताप आणि दुखण्यावरून कळतं, तेवढं लक्ष ठेवा.

केस-चरबीची ती डरमॉइड सिस्ट. वजनदार असते आणि पीळ पडणाऱ्यांत नेहमी सापडते. जन्मजात पेशींपासून होते, दृष्टीचा संबंध नाही, पण आईंशी वाद घालू नका.

जुना_कंपाउंडर | दुपारी २:३०

आत गेलेच होते तर अपेंडिक्सही काढून टाकायचं ना! पुढची कटकट गेली असती. आमचे साहेब हमखास काढायचे.

आंबोलीधुकं | दुपारी २:३८

माझ्या जावेच्या अनुभवानंतर मीही हेच म्हणेन.

करवंद | दुपारी २:५०

यावर सर्जन मंडळींचंच एकमत नाही. दुखण्याचं दुसरं कारण सापडलं नसेल तर चांगलं दिसणारं अपेंडिक्सही काढणारे पुष्कळ आहेत, कारण वरून चांगलं दिसून आत सुजलेलं निघू शकतं. पण इथे कारण डोळ्यासमोर होतं. मी काढायला सांगितलं नसतं. तुमच्या साहेबांच्या काळी मोठा छेद असायचा. उजवीकडची ती खूण दिसली की पुढचा डॉक्टर अपेंडिक्स गेलंय असं धरून चालतो, मग काढलेलंच बरं, हाही त्यांचा हिशोब असायचा.

हापूसचोर | दुपारी ३:०५

माझा मुतखडा अजून कुणी गंभीरपणे घेतलेला नाही याची नोंद घ्यावी.

सिस्टर_रत्नागिरी | दुपारी ३:१२

घेतला, दादा. मुतखड्याची कळ पाठीतून जांघेत उतरते आणि माणूस एका जागी राहत नाही, तुम्ही लोळलात ना? अपेंडिक्सवाला हलायला घाबरतो, गाडी खड्ड्यातून गेली तरी ओरडतो. म्हणजे आपल्या रस्त्यांवर निदान वाटेतच होतं.

पाणंद | बुधवार, रात्री ८:२०

उशिरा आले, सगळं वाचलं. मूळ प्रश्नाला धरून विचारते. मला दर महिन्याला पाळीच्या साधारण मध्यावर एका बाजूला दुखतं, कधी उजवीकडे, कधी डावीकडे. अर्धा दिवस राहून जातं. प्रत्येक वेळी सोनोग्राफी करायची का?

करवंद | रात्री ८:४५

नाही. मध्यावर येणारं, बाजू बदलणारं आणि आपोआप जाणारं दुखणं बहुतेकदा अंडं सुटण्याचं असतं. तारखा लिहून ठेवा. पण एखाद्या महिन्यात ते नेहमीसारखं नसेल, म्हणजे एकदम आलं, उलटी झाली, चक्कर आली किंवा पाळी चुकलेली असेल, तर त्या वेळी तारखांवर विसंबू नका. पाळीच्या उत्तरार्धात सिस्ट फुटूनही अचानक दुखतं आणि पोटात पाणी किंवा रक्त दिसतं. ते बहुतेक वेळा पडून राहून बरं होतं, मात्र हिमोग्लोबिन काही तासांनी पुन्हा बघावं लागतं. पहिलं ११ आणि दुसरं ८ आलं तर आत रक्त चालू आहे.

दर्यावर्दी | रात्री ९:०२

सीटीबद्दल माझं मत बदललेलं नाही, पण डॉपलरचं समजलं. सुरंगी, बहिणीला लवकर बरं वाटो.

सुरंगी | गुरुवार, सकाळी १०:१५

आज उठून चालली. डॉक्टरांनी सांगितलंय की डरमॉइड दहा-पंधरा टक्के बायकांत दोन्ही बाजूंना असते, म्हणून डाव्या ओव्हरीकडेही लक्ष ठेवायचं. सहा आठवड्यांनी सोनोग्राफी. सिस्ट तपासणीला पाठवलीय, रिपोर्ट आला की कळवते. आणि करवंद, एक राहिलंच: तिला विहिरीचं पाणी कधीपासून भरू द्यायचं?

करवंद | सकाळी १०:४०

महिनाभर तरी नको. तोपर्यंत रापणदादांना बोलवा.

रापण | सकाळी १०:४२

येतंय. जेवण घालूक व्हया.